‘तू खूप केलंस’ म्हणजे नेमकं काय केलंस?

“आई, तुला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. तू आमच्यासाठी खूप केलंस. तुझे उपकार आम्ही कधीच विसरणार नाही. देव तुला उदंड आयुष्य देवो. तब्येतीची काळजी घे.”

पाच वाक्यं आहेत. शुद्धलेखनाची चूक नाही, एकही शब्द खोटा नाही. तरीही हा मजकूर मोबाइलवर टाइप करून झाल्यावर मुलाचा अंगठा पाठवण्याच्या बाणावर थांबतो. काहीतरी राहिलंय असं त्याला वाटतं, पण काय राहिलंय ते सांगता येत नाही. मग तो एक फुलांचा गुच्छ आणि दोन जोडलेले हात टाकतो आणि पाठवून मोकळा होतो.

हा मुलगा इथे उदाहरणादाखल उभा केला आहे, पण तो घरोघरी सापडेल. वय चाळिशीच्या पुढे, चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. आई सातारा जिल्ह्यातल्या गावी, धाकट्या भावाकडे. दर रविवारी फोन होतो आणि तो दोन मिनिटांत संपतो. ‘जेवलीस का? पाऊस हाय का? गोळ्या संपल्या का? बरं, ठेवू?’ आईला मिठी मारल्याचं त्याला आठवत नाही. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तो तीन रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर झोपला होता, पण त्याबद्दल दोघांत कधी शब्द झालेला नाही. आज तिचा वाढदिवस म्हणजे कागदावरचा वाढदिवस, 1 जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची म्हणून जी तारीख टाकली, तीच आज एका अख्ख्या पिढीच्या आधार कार्डावर आहे. तिची खरी जन्मतारीख घरात कोणालाच माहीत नाही.

अशा मुलाचा हा कोरडा मसुदा नीट कसा करायचा, हा या लेखाचा विषय. सल्ला देणारे बहुतेक जण त्याला सांगतात, ‘मन मोकळं कर, भावना लिही.’ नेमकं तिथेच तो अडतो, कारण ते त्याला जमत नाही. पण त्याला दुसरी एक गोष्ट चांगली जमते, ती म्हणजे घडलेलं जसंच्या तसं सांगणं. कोणतं बेअरिंग कधी गेलं, आवाज कसा येत होता, कोणत्या शिफ्टला लक्षात आलं, हे तो रोज लॉगबुकात लिहितो. आईला लिहिताना मात्र तो ही भाषा बाजूला ठेवतो आणि शुभेच्छापत्रावरची भाषा उसनी घेतो. मसुदा कोरडा होतो तो त्यामुळे.

आधी मायना होता

कमी बोलणाऱ्या मुलांसाठी मराठीत पूर्वी एक सोय होती. ‘तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ असा मायना घातला की आदर, प्रेम, नम्रता सगळं त्या साच्यात येऊन जायचं. तो साचा शाळेत घोटून घेतलेला असायचा. त्यामुळे मुलगा लगेच पुढच्या कामाच्या गोष्टींकडे वळू शकायचा. पाऊस कसा आहे, म्हैस व्याली का, पैसे मिळाले का. भावना मायन्यात आणि तपशील मजकुरात, अशी ती विभागणी होती. पत्र घेणाऱ्या आईलाही ती ठाऊक होती.

मनीऑर्डरच्या फॉर्मवर तर याहून कमी जागा मिळे. मुंबईच्या गिरणीत काम करणारा कोकणातला, घाटावरचा मुलगा गावी पैसे पाठवायचा, तेव्हा फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी एक छोटा रकाना असायचा. पैसे देताना पोस्टमन तेवढा तुकडा फाडून घरच्यांच्या हाती ठेवायचा. आईला वाचता येत नसेल तर तोच वाचून दाखवायचा, आणि बहुधा शेजारच्या दोघी-तिघी तिथे उभ्या असायच्या. अशा जागी हळवं काही लिहिणं शक्यच नव्हतं. मग ‘पावसाआधी घर शाकारून घे’ किंवा ‘यातले थोडे तुझ्या चष्म्याला ठेव’ अशा धर्तीची ओळ जायची. त्यात प्रेमाचा उच्चार नाही. पण घराची कौलं कुठे गळतात, आईला सुईत दोरा ओवता येत नाही, हे मुलाच्या लक्षात आहे एवढं त्यातून आईला कळायचं.

याच्या उलट टोकाला तारेच्या शुभेच्छा होत्या. तार खात्याकडे शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांची यादी असायची आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक. दिवाळीचा क्रमांक सांगितला की पलीकडे छापील वाक्य पोचायचं. 2013च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. क्रमांक देऊन वाक्य मागवण्याची सवय मात्र मोबाइलमध्ये टिकून राहिली. ‘उदंड आयुष्य लाभो’ हे आज त्या यादीतलंच वाक्य झालं आहे. पूर्वी मायन्याखाली घरचा तपशील यायचा, तारेखाली काही यायचं नाही. आपल्या मुलाच्या मसुद्यात मायनाच मायना आहे आणि त्याखालचा मजकूर लिहायचा राहून गेला आहे.

कोरडेपणा नेमका कुठे आहे?

मसुदा दुरुस्त करण्याआधी तो तपासावा लागतो. त्याची एक साधी कसोटी आहे. हाच मजकूर शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलानं पाठवला तर एखादा शब्द बदलावा लागेल का? इथे एकही बदलावा लागत नाही. म्हणजे या पाच वाक्यांत ही आई नाही आणि हा मुलगाही नाही.

आता एकेक वाक्य पाहू. ‘तू आमच्यासाठी खूप केलंस’ यातलं ‘खूप’ हे ओझं उचलणारं वाक्य आहे, पण आत काय आहे ते कळत नाही. ‘आमच्यासाठी’ आणि ‘आम्ही’ यांमुळे मुलगा भावंडांच्या घोळक्यात मागे उभा राहतो. एकट्यानं बोलायला लाज वाटते म्हणून तो सगळ्यांच्या वतीनं बोलतो. ‘उपकार’ हा शब्द तर आईला खटकण्याचीच शक्यता जास्त, कारण उपकार परक्याचे असतात. ‘देव तुला उदंड आयुष्य देवो’ हे वाक्य त्यानं आयुष्यात कधी तोंडानं म्हटलेलं नाही. तो फोनवर ज्या बोलीत बोलतो, त्या बोलीत हे वाक्य होतच नाही. आणि शेवटचं ‘तब्येतीची काळजी घे’ ही आईला दिलेली सूचना आहे. ती चुकीची नाही, पण या वाक्यात मुलगा स्वतः काहीच करत नाही.

या पाचांतलं एकच वाक्य वाचवण्यासारखं आहे, दुसरं. कारण त्याच्या पोटात प्रश्न दडलाय, आईनं नेमकं काय केलं? पुढचं सगळं काम या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं आहे.

‘काय वाटतं’ ऐवजी ‘काय झालं होतं’

1970च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफनिऑस यांनी आपल्या काही रुग्णांबद्दल एक निरीक्षण मांडलं. या माणसांना भावना असतात, पण त्या ओळखून शब्दांत सांगता येत नाहीत. ‘तुम्हाला काय वाटलं’ असं विचारलं की ती काय घडलं ते बारीकसारीक तपशिलांसह सांगू लागतात. या अवस्थेला त्यांनी ‘अलेक्सिथिमिया’ असं नाव दिलं. पुढे रोनाल्ड लेव्हंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी असं मांडलं की याची सौम्य छटा पुष्कळ सर्वसामान्य पुरुषांत दिसते आणि त्यामागे त्यांना वाढवण्याची रीत असते. रडणाऱ्या मुलाला गप्प करायचं, पडलेल्याला ‘काही नाही झालं, ऊठ’ म्हणायचं, असं वर्षानुवर्षं झालं की भावनांचे शब्द वापरातून जातात.

प्रत्येक अबोल माणसाला हे लेबल लावू नये. काही जण मुळातच मितभाषी असतात आणि त्यांना कसलाच त्रास नसतो. पण सिफनिऑस यांच्या निरीक्षणातली एक गोष्ट इथे फार उपयोगी आहे. भावनेबद्दल विचारलं की हा माणूस घटना सांगतो. दवाखान्यात ती अडचण ठरत असेल, आईला निरोप लिहिताना मात्र तीच हवी असते.

म्हणून मुलाला ‘आईबद्दल तुला काय वाटतं’ असं विचारण्यात अर्थ नाही. तो ‘चांगलं वाटतं’ म्हणेल आणि गप्प बसेल. त्याच्या हाताला धागा लागेल असे प्रश्न वेगळे असतात. ती सकाळी किती वाजता उठायची? तिच्या हातात त्या वेळी काय असायचं? तू घरापासून लांब होतास तेव्हा तिची कोणती गोष्ट तुझ्यापर्यंत यायची? तिनं तुझ्यासाठी केलेली आणि कधीच बोलून न दाखवलेली एखादी गोष्ट तुला दुसऱ्याकडून कळली का?

या प्रश्नांना त्याच्याकडून असं काही येईल. ‘दहावीनंतर आयटीआयला तालुक्याला होतो. खोलीवर राहायचो. मेस परवडत नव्हती. आई एसटीनं डबा पाठवायची.’

महाराष्ट्रात हे अनेकांनी अनुभवलंय. गावाकडून निघणाऱ्या पहिल्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे किंवा कंडक्टरच्या सीटखाली कापडी पिशव्यांची रांग असायची. प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटनं नाव घातलेलं असायचं. तालुक्याच्या स्टँडवर गाडी लागली की पोरं आपापली पिशवी उचलायची आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायची.

त्याला आणखी विचारलं तर आणखी निघतं. गाडी गावातून सव्वासातला सुटायची, म्हणजे भाकरी साडेसहाच्या आत व्हायला हव्या. पिशवीला दोन गाठी असायच्या, कारण एकदा एका गाठीची पिशवी सुटून आमटी सांडली होती. खोलीवरच्या मित्रासाठी एक भाकरी जास्तीची असायची. आणि मग, बराच वेळ थांबून, एक पावसाळ्यातली सकाळ. त्या दिवशी गाडी चुकली. आई डबा घेऊन हमरस्त्याच्या फाट्यापर्यंत चालत गेली आणि तिथे थांबलेल्या दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे तिनं डबा दिला. स्टँडवर तो कंडक्टर म्हणाला, “पोरा, तुझी आई भिजत उभी होती रं फाट्यावर.” मुलानं डबा घेतला. घरी गेल्यावर आई काही बोलली नाही, हाही काही बोलला नाही. त्याला पंचवीसेक वर्षं झाली.

‘खूप’ या शब्दाच्या आत काय होतं, ते इथे सापडलं.

एकच प्रसंग का?

हे सगळं मिळाल्यावर मोह होतो सगळंच लिहिण्याचा. डबा, आमटी, ऑपरेशन, लग्नात मोडलेल्या पाटल्या, सगळं एका निरोपात. त्यानं लांबी वाढते आणि यादी तयार होते. यादी वाचताना आईला हिशेब मांडल्यासारखं वाटेल. छोट्या निरोपात एकच प्रसंग राहतो, आणि बाकीच्यांनी पुढच्या वेळेची वाट पाहायची.

निवड करायला एक निकष पुरतो. जो प्रसंग आपल्याला माहीत आहे हे आईलाच माहीत नाही, तो घ्यावा. रोज डबा पाठवायची हे तिला ठाऊकच आहे, आणि मुलाला त्याची जाणीव आहे हेही ती धरून चालते. फाट्यापर्यंतची चाल मात्र तिच्या दृष्टीनं कोणाला न कळलेली गोष्ट आहे. ती मुलाला कळली होती आणि त्यानं ती इतकी वर्षं जपून ठेवली, ही तिच्यासाठी नवी बातमी आहे.

या निकषामागे थोडा अभ्यासाचाही आधार आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना त्यांच्या आयुष्यात महत्त्वाच्या ठरलेल्या व्यक्तीला कृतज्ञतेचं पत्र लिहायला सांगितलं आणि ते वाचून तिला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांनाच प्रत्यक्ष काय वाटलं ते विचारलं. लिहिणाऱ्यांचे अंदाज चुकले होते. समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल हे त्यांनी जास्त धरलं होतं. त्याला किती आनंद होईल, आणि कृतज्ञतेचं कारण वाचून तो किती चकित होईल, हे कमी धरलं होतं. आपल्याला शब्द नीट सापडतील का, याची लिहिणाऱ्याला चिंता होती. वाचणाऱ्याचं लक्ष शब्दांच्या सफाईपेक्षा त्यातल्या आपुलकीकडे होतं.

हे प्रयोग अमेरिकेत झाले, त्यामुळे ते साताऱ्याच्या आईला जसेच्या तसे लागू होतात असं म्हणता येणार नाही. पण अबोल मुलाची भीती याच दोन गोष्टींची असते. ‘तिला कसंतरीच वाटेल’ आणि ‘मला नीट लिहिता येत नाही’. या दोन्ही भीती प्रत्यक्षापेक्षा मोठ्या असतात, एवढं त्यातून घेता येतं.

एकेका प्रसंगाची ताकद मराठी वाचकाला नवी नाही. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, ते बेचाळीस रात्रींमध्ये विभागून. एकेका रात्रीला आईची एखादी आठवण. पायाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईनं आपलं लुगडं पसरलं, ही गोष्ट ज्यांनी ते पुस्तक लहानपणी वाचलं त्यांना आजही आठवते. गुरुजी तर भावना उघडपणे मांडणारे लेखक होते. तरीही वाचकाच्या मनात जे उरलं, ते दगडावर पसरलेलं ओलं लुगडं.

दुसरा मसुदा का बिघडतो?

प्रसंग सापडल्यावर मुलगा पुन्हा लिहायला बसतो, आणि इथे दुसरा घोटाळा होतो. आता आपण मनापासून लिहितोय असं वाटल्यामुळे तो भाषा चढवतो.

“आई, तू माझं दैवत आहेस. माझ्यासाठी भर पावसात तू जो त्याग केलास त्याची फेड सात जन्मांतही होणार नाही. तुझ्या मायेची ऊब आजही मला जगण्याचं बळ देते. मी तुला कधी सांगितलं नाही, पण तुझ्याविना मी काहीच नाही.”

पहिला मसुदा कोणाच्याही आईला चालला असता. हा कोणत्याही मुलाला चालेल. फाटा गेला, कंडक्टर गेला, डबा गेला. त्यांच्या जागी त्याग आणि ऊब आली. शिवाय एक व्यावहारिक धोका आहे. दर रविवारी ‘गोळ्या संपल्या का’ एवढंच विचारणारा मुलगा अचानक असं लिहितो, तेव्हा आईला आनंद होण्याआधी काळजी वाटते. ती लगेच सुनेला फोन लावते. “काय झालंय गं त्याला? नोकरीचं काही झालं का? भांडलात का?” निरोपात ओळखीचा मुलगा दिसला नाही की आई त्याला शोधू लागते. पाठवल्यानंतर दहा मिनिटांत घरातल्या तिसऱ्याच माणसाचा फोन वाजला, तर भाषा चढली होती असं समजावं.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, मजकूर मोठ्यानं वाचून पाहायचा, अगदी रविवारच्या फोनवर बोलतो त्या आवाजात. ‘तुझ्या मायेची ऊब’ म्हणताना जीभ अडखळते. जिथे अडखळेल ते वाक्य काढायचं. तो फोनवर ‘व्हतं’, ‘न्हाई’ म्हणत असेल आणि लिहिताना प्रमाण मराठी वापरत असेल, तर ती वापरायला हरकत नाही. बोली मुद्दाम आणली तर तीही सोंग वाटते. लिहिलेलं वाक्य त्याच्या तोंडात बसतं का, एवढंच पाहायचं.

दुसरा उपाय म्हणजे आजच का लिहितोय याचं छोटंसं कारण देणं. आज कॅन्टीनला भाकरी होती. आज इकडे वळवाचा पाऊस पडला. असं एखादं रोजचं कारण असलं की आई घाबरत नाही. तिला समजतं की मुलगा ठीक आहे, त्याला फक्त आठवण झाली. हे कारण खरं असावं. तिनं फोनवर ‘भाकरीबरोबर काय होतं’ असं विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे, आणि ती विचारतेच.

तिसरा मसुदा

आता मजकूर बांधता येतो. सुरुवातीला आजचा दिवस, मग प्रसंग, मग तो आपल्याला कसा कळला, आणि शेवटी मुलगा स्वतः काय करणार आहे ते.

“आई, आज तुझा कागदावरचा वाढदिवस. इकडे सकाळपासून पाऊस आहे. आयटीआयला असताना एकदा गाडी चुकली म्हणून तू फाट्यापर्यंत चालत जाऊन डबा दिला होतास. तू भिजत उभी होतीस हे मला कंडक्टरनं सांगितलं होतं. मी तेव्हा काही बोललो नाही. त्या डब्यात मेथीची भाजी होती. शनिवारी रात्री येतोय. जेवायला थांब.”

शब्द पन्नासच्या आत आहेत. यात ‘प्रेम’ नाही, ‘उपकार’ नाही, ‘आभारी’ नाही. आता वाक्यं पाहू.

‘कागदावरचा वाढदिवस’ हे फक्त या घरात चालणारं वाक्य आहे. तिचा खरा वाढदिवस कोणाला माहीत नाही हे मुलाला माहीत आहे, आणि ते दोघांतलं जुनं गुपित असल्यासारखं आपोआप येतं. ‘हार्दिक शुभेच्छा’ काढून टाकल्यानं काही बिघडलं नाही, कारण वाढदिवसाचा उल्लेख झालाच.

पावसाचं वाक्य दोन कामं करतं. ते आजचं कारण देतं, आणि पुढच्या प्रसंगातल्या पावसाकडे नेतं. मधे ‘त्यावरून मला आठवलं’ असं लिहिण्याची गरज पडत नाही.

‘मी तेव्हा काही बोललो नाही’ या वाक्यावर बराच वेळ द्यायला हवा. इथे भावना सांगायचा मोह सगळ्यांत जास्त होतो. ‘मला तेव्हा खूप वाईट वाटलं’, ‘माझे डोळे भरून आले’ असं जोडावंसं वाटतं. ते खरं असेल आणि त्याच्या तोंडात बसत असेल तर जरूर लिहावं. पण या मुलाच्या तोंडात ते बसत नाही. तो गप्प राहिला ही वस्तुस्थिती आहे आणि ती तो सरळ मान्य करतो. आई त्याला जन्मापासून ओळखते. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ तिला वेगळा सांगावा लागत नाही. एक मात्र टाळायचं, ‘मी तेव्हा बोललो नाही, मला माफ कर’ असं. माफी मागितली की आईला त्याची समजूत काढावी लागते. निरोप तिच्यासाठी आहे, तिला आणखी एक काम देण्यासाठी नाही.

मेथीची भाजी हा लहानसा तपशील साक्षीदारासारखा आहे. इतक्या वर्षांनंतर भाजी आठवते म्हणजे बाकीचंही आठवत असणार. असा एखादा तपशील पुरतो. गाडीचा नंबर, वार, तारीख, पिशवीचा रंग असं सगळं भरलं तर लॉगबुकच होईल.

आणि शेवट. ‘तब्येतीची काळजी घे’ या सूचनेच्या जागी आता मुलगा येतोय. ‘जेवायला थांब’ हेही सांगणंच आहे, पण त्याचा अर्थ आपण एकत्र जेवू असा आहे. शनिवारी येणं खरोखर जमणार असेल तरच हे वाक्य लिहायचं. न जमल्यास तिथे ‘रविवारी फोन करतो, सांग मला त्या दिवशी किती वेळ थांबली होतीस’ असं लिहिता येईल. त्यानं दोन मिनिटांचा फोनही जरा लांबेल.

वाचणार कोण?

निरोप लिहून झाला तरी तो आईपर्यंत कसा पोचणार आहे ते पाहावं लागतं. मनीऑर्डरचा तुकडा पोस्टमन वाचायचा. आज पुष्कळ घरांत आईचा मोबाइल नातवाच्या हातात असतो आणि आलेला निरोप तोच मोठ्यानं वाचतो, सगळ्यांसमोर. वरचा मजकूर तसा वाचला गेला तरी कोणी अवघडणार नाही. दुसरा मसुदा वाचताना मात्र नातवाला हसू येईल आणि आई पदर सारखा करेल. आईला वाचता येत नसेल आणि वाचून दाखवणारं कोणी नसेल, तर हेच शब्द बोलून पाठवता येतात. आवाजी निरोप पाठवताना समोर कागद धरू नये. लिहिलेलं दोनदा वाचायचं, कागद पालथा घालायचा आणि मग बोलायचं. दोन शब्द इकडचे तिकडे झाले तर बरंच.

वेळही पाहावी. बारा वाजून एक मिनिटानं पाठवलेला निरोप मित्रांना चालतो. गावातल्या आईला रात्री बारानंतर मोबाइल वाजला तर छातीत धस्स होतं. सकाळची कामं उरकून ती चहा घेऊन टेकते ती वेळ मुलाला माहीत असते.

काही निरोप या पद्धतीनं लिहू नयेत. आई-मुलात जुना दुरावा असेल, जमिनीची वाटणी किंवा लग्न यावरून बोलणं तुटलं असेल, तर एका गोड प्रसंगानं ते जोडायला जाऊ नये. तिथे आधी मुद्द्याचं बोलणं व्हावं लागतं, आणि ते समोरासमोर. आई गंभीर आजारी असेल तर अशा निरोपातला ‘शनिवारी येतो’ हाच भाग महत्त्वाचा. बाकीचं तिच्याजवळ बसून बोलता येतं.

पोचला हे कसं कळेल?

उत्तराकडे पाहून लगेच निष्कर्ष काढू नये. या घरात मुलगा जसा अबोल, तशी आईही असणार. तो कुठून तसा झाला, हा प्रश्न विचारला तर बोट बहुधा तिच्याकडेच जाईल. ‘बरं. ये. सावकाश ये’ एवढंच उत्तर आलं तर ते तिच्या मापाचं उत्तर आहे. ‘कशाला आठवण काढलीस त्याची’ असं आलं तरी ते रागावणं नसतं.

निरोप पोचल्याची भरवशाची खूण निराळीच असते. आई तपशील दुरुस्त करते. ‘मेथी नव्हती, शेपू होता. मेथी तुला आवडायची म्हणून तुला तसं वाटतंय.’ किंवा, ‘फाट्यापर्यंत कुठली, पुढच्या पुलापर्यंत गेले होते, फाट्यावर गाडी थांबलीच नाही.’ ही दुरुस्ती म्हणजे ती त्या सकाळी परत जाऊन आली. तिच्या बाजूची जी गोष्ट इतकी वर्षं तिनं सांगितली नव्हती, ती आता तोंडावर आली आहे. मुलानं इथे ‘हो का’ म्हणून विषय संपवू नये. शनिवारी जेवताना पुढचं विचारावं. पुलापर्यंत चालायला किती वेळ लागला? छत्री होती का? परत येताना कोण भेटलं? त्या दिवशी ती स्वतः काय जेवली? शेवटचा प्रश्न मुलानं इतक्या वर्षांत स्वतःलाही विचारलेला नसतो, आणि त्याचं उत्तर फक्त तिच्याकडे आहे.